मल्टिकास्टची उलटी वाट: व्हीलॅनमधून व्हीलॅनमध्ये

एका कॅमेऱ्याचे चित्र नेटवर्कवरून तीस पडद्यांवर एकाच वेळी दाखवायचे असेल, तर ते दोन प्रकारे पाठवता येते. पहिल्या प्रकारात कॅमेरा किंवा सर्व्हर प्रत्येक पडद्यासाठी स्वतंत्र प्रत पाठवतो. चित्राला सेकंदाला ४ मेगाबिट लागत असतील तर तीस प्रतींना १२० मेगाबिट लागतात, आणि हा सगळा भार कॅमेऱ्याच्या छोट्याशा प्रोसेसरवर आणि त्याच्या तारेवर पडतो. दुसऱ्या प्रकारात कॅमेरा एकच प्रत एका ग्रुपच्या नावाने सोडतो. जिथे वाटा फुटतात तिथे स्विच तिच्या प्रती काढतो, आणि एका तारेवरून एका प्रवाहाची एकच प्रत जाते. या दुसऱ्या प्रकाराला मल्टिकास्ट म्हणतात. स्टीव्ह डीअरिंग यांनी त्याची आयपीवरची मांडणी १९८९ साली आरएफसी १११२ या दस्तऐवजात नोंदवली. `224.0.0.0` ते `239.255.255.255` एवढे पत्ते ग्रुपसाठी राखून ठेवलेले आहेत. त्यांपैकी 239 ने सुरू होणारे पत्ते संस्थेच्या अंतर्गत वापरासाठी असतात.

एकाच व्हीलॅनमध्ये हे काम सोपे आहे. ज्या संगणकाला चित्र हवे असते तो आयजीएमपी नावाच्या छोट्या संदेशाने सांगतो, “मला अमुक ग्रुप हवा आहे.” स्विच हा संदेश ऐकतो आणि तेवढ्याच पोर्टवर प्रवाह सोडतो. अडचण सुरू होते ती व्हीलॅनच्या सीमेवर. कॅमेरे एका व्हीलॅनमध्ये, नियंत्रण कक्ष दुसऱ्या व्हीलॅनमध्ये, ही रचना सुरक्षिततेच्या दृष्टीने योग्यच असते. पण कक्षातून कॅमेऱ्याला पिंग जातो, त्याचे वेबपान उघडते, आणि मल्टिकास्टचे चित्र मात्र येत नाही. दोन व्हीलॅनमधली साधी वाहतूक करणारा लेयर थ्री स्विच मल्टिकास्ट सीमेवरच थांबवतो.

हा स्विचचा दोष नाही. साध्या पॅकेटवर पोहोचण्याच्या जागेचा पत्ता असतो. `192.168.20.0` हे सबनेट कोणत्या बाजूला आहे हे राउटिंग टेबलमध्ये लिहिलेले असते आणि स्विच पॅकेट त्या बाजूला ढकलतो. `239.10.10.5` हा पत्ता मात्र कोणत्याच जागेचा नसतो. तो कुठे आहे असे विचारले तर टेबल उत्तर देऊ शकत नाही, कारण त्याचे श्रोते एकाच वेळी दहा ठिकाणी असू शकतात आणि एकाही ठिकाणी नसूही शकतात. म्हणून मल्टिकास्टमध्ये प्रश्नच उलटा विचारला जातो. पॅकेट कुठे जायचे आहे हे न पाहता ते कुठून आले हे पाहिले जाते, आणि वाटही श्रोत्याकडून स्रोताच्या दिशेने, म्हणजे उलट्या बाजूने बांधली जाते. रेंदेव्हू पॉइंट, आरपीएफ तपासणी, जॉइन संदेश या पुढच्या सगळ्या गोष्टी या एका उलट्या प्रश्नातून निघतात.

ही वाट बांधण्याचे काम पिम हा प्रोटोकॉल करतो. त्याच्या नावातला पहिला शब्द ‘प्रोटोकॉलपासून स्वतंत्र’ असे सांगतो आणि तो अगदी नेमका आहे. पिम स्वतःचे मार्ग शोधत नाही. ओएसपीएफने, हाताने लिहिलेल्या स्टॅटिक मार्गांनी किंवा थेट जोडलेल्या व्हीलॅनमुळे जे राउटिंग टेबल आधीच तयार झालेले असते, तेच पिम वाचतो, फक्त उलट्या बाजूने. आज बहुतेक ठिकाणी त्याचा स्पार्स मोड वापरला जातो. डेन्स मोडमध्ये प्रवाह आधी सगळीकडे सोडला जातो आणि नको म्हणणाऱ्यांकडून मागे घेतला जातो. स्पार्स मोडमध्ये कोणी मागितल्याशिवाय काहीच पाठवले जात नाही.

उदाहरणादाखल दोन इमारतींची एक शिक्षणसंस्था घेऊ. पहिल्या इमारतीत सिस्को आयओएस चालवणारा एक लेयर थ्री स्विच आहे. त्याला ‘अ’ म्हणू. कॅमेरे व्हीलॅन १० मध्ये आणि नियंत्रण कक्ष व्हीलॅन २० मध्ये आहे. कॅमेऱ्याचा पत्ता `192.168.10.50` असून तो `239.10.10.5` या ग्रुपवर चित्र पाठवतो. स्विचवर एवढे लिहावे लागते:

```
ip multicast-routing
!
interface Loopback0
 ip address 10.255.0.1 255.255.255.255
 ip pim sparse-mode
!
interface Vlan10
 ip address 192.168.10.1 255.255.255.0
 ip pim sparse-mode
!
interface Vlan20
 ip address 192.168.20.1 255.255.255.0
 ip pim sparse-mode
!
ip pim rp-address 10.255.0.1
```

काही मॉडेलवर पहिल्या आज्ञेला `distributed` हा शब्द जोडावा लागतो, आणि काही स्विचच्या मूळ परवान्यात पूर्ण पिम मिळत नाही, हे खरेदीपूर्वीच पाहून घ्यावे. व्हीलॅन २० मध्ये दुसरा एकही राउटर नाही, मग तिथे पिम कशाला, अशी शंका अनेकांना येते आणि ती ओळ गाळली जाते. पण सिस्कोच्या स्विचवर एखाद्या इंटरफेसवर पिम सुरू केले की त्यावर आयजीएमपीही सुरू होते. ती ओळ नसेल तर श्रोत्यांची मागणी स्विचच्या राउटिंगच्या भागापर्यंत पोहोचतच नाही. शिवाय ती ओळ असली की स्विच त्या व्हीलॅनमध्ये ठरावीक वेळाने “कोणाला काय हवे आहे?” असे विचारू लागतो. असे विचारणारे कोणी नसेल, तर मागणीच्या नोंदी काही मिनिटांत जुन्या होऊन पुसल्या जातात आणि सुरू झालेले चित्र मध्येच थांबते.

शेवटची ओळ रेंदेव्हू पॉइंटची आहे. त्याला थोडक्यात आरपी म्हणतात. श्रोता ग्रुपचे नाव सांगतो, पण त्या ग्रुपवर कोण बोलत आहे हे त्याला माहीत नसते. बोलणाऱ्यालाही श्रोते कुठे आहेत हे ठाऊक नसते. दोघांना एकमेकांचा पत्ता लागावा यासाठी एक राउटर सर्वांनी आधीच ठरवून ठेवलेला असतो, तो आरपी. वधू-वर सूचक मंडळ दोन घरांची गाठ घालून देते आणि पुढच्या बोलण्यात त्याची गरज उरत नाही, तसेच त्याचे काम चालते.

श्रोत्याच्या बाजूचा राउटर मागणी आली की स्वतःकडे `(*, G)` अशी नोंद करतो. इथे चांदणीचा अर्थ ‘कोणताही स्रोत’ आणि G म्हणजे ग्रुप. मग तो आरपीकडे जाणारा मार्ग टेबलात पाहतो आणि त्या वाटेवरच्या शेजाऱ्याला जॉइन संदेश पाठवतो. तो शेजारी पुढच्याला पाठवतो, आणि अशी साखळी आरपीपर्यंत जाते. ज्या बाजूने जॉइन आला त्या बाजूला पुढे प्रवाह सोडायचा, एवढे प्रत्येक राउटर लक्षात ठेवतो. स्रोताच्या बाजूचा राउटर पहिले पॅकेट मिळताच ते साध्या पॅकेटमध्ये गुंडाळून थेट आरपीला पाठवतो. हा रजिस्टर संदेश. आरपीला त्यातून स्रोताचा खरा पत्ता कळतो, तो स्रोताच्या दिशेने `(S, G)` असा जॉइन पाठवतो, आणि प्रवाह नेहमीच्या वाटेने येऊ लागला की रजिस्टर-स्टॉप पाठवून गुंडाळणे थांबवतो.

पहिले पॅकेट श्रोत्याच्या राउटरपर्यंत पोहोचले की त्यालाही स्रोताचा पत्ता कळतो. सिस्कोच्या मूळ मांडणीत तो तेवढ्यावरच आरपीचा वळसा सोडतो आणि स्रोताकडे जाणाऱ्या सर्वांत जवळच्या वाटेने `(S, G)` जॉइन पाठवतो. म्हणून आरपी फार ताकदवान हवा हा समज बहुतेक ठिकाणी खरा ठरत नाही. तो स्थिर हवा, सर्वांना पोहोचता येण्याजोगा हवा, आणि सगळ्या राउटरांवर त्याचा पत्ता तोच हवा. एका राउटरवर हा पत्ता चुकीचा लिहिला तर त्याचे जॉइन भलत्याच दिशेने जातात आणि कुठेही ठळक त्रुटी दिसत नाही. `show ip pim rp mapping` ही आज्ञा प्रत्येक राउटरवर चालवून उत्तरे पडताळणे, एवढी एक सवय बरेच तास वाचवते. आरपीसाठी लूपबॅक इंटरफेसचा पत्ता निवडण्याचे कारणही स्थैर्य हेच आहे. एखादी तार निघाली तरी लूपबॅक बंद पडत नाही.

एकच स्विच असताना श्रोत्याचा राउटर, स्रोताचा राउटर आणि आरपी या तिन्ही भूमिका ‘अ’कडेच असतात, त्यामुळे वरचे टप्पे त्याच्या आतच उरकतात. नियंत्रण कक्षात चित्र सुरू झाल्यावर `show ip mroute 239.10.10.5` चे उत्तर, काही तपशील गाळून, असे दिसते:

```
(*, 239.10.10.5), RP 10.255.0.1
  Incoming interface: Null, RPF nbr 0.0.0.0
  Outgoing interface list:
    Vlan20, Forward/Sparse

(192.168.10.50, 239.10.10.5), flags: T
  Incoming interface: Vlan10, RPF nbr 0.0.0.0
  Outgoing interface list:
    Vlan20, Forward/Sparse
```

हे उत्तर वाचता आले की निम्मे निदान झाले. पहिल्या नोंदीतला `Null` घाबरवणारा वाटतो, पण आरपीवर तो अपेक्षितच असतो, कारण आरपीकडे जाण्याची वाट आरपीवरच संपते. पहिली नोंद सांगते की व्हीलॅन २० मधून मागणी आली आहे. दुसरी सांगते की कॅमेऱ्याची पॅकेट व्हीलॅन १० मधून आत येत आहेत. पहिली नोंद नसेल तर श्रोत्याच्या बाजूला, म्हणजे आयजीएमपीत शोधावे. दुसरी नसेल तर स्रोताच्या बाजूला.

दुसरी नोंद नसण्याचे सर्वांत नेहमीचे कारण पिममध्ये नसतेच. प्रत्येक आयपी पॅकेटवर टीटीएल नावाचा आकडा असतो आणि प्रत्येक राउटर तो एकाने कमी करतो. तो शून्यावर आला की पॅकेट टाकून दिले जाते. संगणकप्रणालींमध्ये मल्टिकास्टचा टीटीएल मुळात १ असतो, म्हणजे पाठवणाऱ्या प्रोग्रामने मुद्दाम वाढवला नाही तर ते पॅकेट पहिल्या राउटरपलीकडे जाऊच शकत नाही. कॅमेऱ्याच्याच व्हीलॅनमध्ये लॅपटॉप जोडला तर चित्र दिसते आणि दुसऱ्या व्हीलॅनमध्ये दिसत नाही, हे याचे लक्षण. अशा वेळी स्विचची मांडणी पुन्हा पुन्हा उलटीपालटी करण्याआधी कॅमेऱ्याच्या सेटिंगमधला टीटीएल १६ किंवा ३२ करून पाहावा.

आता दुसऱ्या इमारतीकडे. तिथे स्विच ‘ब’ आहे आणि त्याच्यामागे व्हीलॅन ३० मध्ये सुरक्षारक्षकांचे पडदे आहेत. ‘अ’ आणि ‘ब’ यांच्यात `10.0.1.0/30` ही जोडणी आहे, तिच्यावर दोन्ही बाजूंना ओएसपीएफ आणि पिम सुरू आहेत, आणि चित्र नीट दिसते आहे. काही महिन्यांनी संस्था जास्त वेगाची दुसरी फायबर टाकते, `10.0.2.0/30`. नवी जोडणी ओएसपीएफमध्ये घेतली जाते आणि वेग जास्त म्हणून सगळे मार्ग तिच्याकडे वळतात. पिंग उत्तम चालतो, फाइली पूर्वीपेक्षा वेगाने उतरतात, आणि दुसऱ्या इमारतीतले सगळे पडदे काळे पडतात. जुनी तार जागेवरच आहे, तिच्यावरचे पिमही चालू आहे.

इथे आरपीएफ समजून घ्यावे लागते. पॅकेट एखाद्या इंटरफेसवरून आत आले की राउटर विचारतो: या पॅकेटच्या स्रोताला काही पाठवायचे असते तर ते याच इंटरफेसमधून गेले असते का? उत्तर हो असेल तर पॅकेट स्वीकारले जाते, नाही तर टाकून दिले जाते. ही सक्ती का, हे दोन तारांच्या रचनेत लगेच कळते. मल्टिकास्टमध्ये राउटर प्रती काढतो. पॅकेट एका तारेने जाऊन दुसरीने परत आले आणि त्याच्या पुन्हा प्रती निघाल्या, तर टीटीएल संपेपर्यंत ती संख्या वाढतच जाते आणि नेटवर्क त्याखाली दबते. साध्या पॅकेटचा फेरा सापडला तर एकच पॅकेट फिरत राहते. इथे फेऱ्यागणिक प्रती वाढतात. स्रोताकडे जाणारी वाट प्रत्येक राउटरवर एकच धरली आणि तेवढ्याच वाटेने आलेले पॅकेट घेतले, की फेरा आपोआप तुटतो.

ही कल्पना पिमच्या बरीच आधीची आहे. योगेन दलाल आणि रॉबर्ट मेटकाफ यांनी ब्रॉडकास्ट पॅकेटांसाठी ती १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात मांडली. दलाल हे मुंबईच्या आयआयटीचे पदवीधर. तिथून ते स्टॅनफर्डला गेले आणि १९७४ साली टीसीपीचे पहिले तपशीलवार वर्णन लिहिणाऱ्या तिघांपैकी एक झाले. आज कुठल्याही कॅम्पसमध्ये स्विच आरपीएफ तपासणी करतो तेव्हा त्यांनी मांडलेलाच प्रश्न विचारत असतो.

आता काळ्या पडद्यांचा उलगडा होतो. ‘ब’च्या टेबलानुसार `192.168.10.50` कडे जाणारी वाट आता नव्या फायबरने आहे. म्हणजे ‘ब’ने जॉइन नव्या फायबरवर पाठवायला हवा आणि प्रवाह तिथूनच स्वीकारायला हवा. पण त्या इंटरफेसवर `ip pim sparse-mode` लिहिलेच नाही, त्यामुळे जॉइन घेणारा शेजारी तिथे नाही. जुन्या वाटेवर शेजारी आहे, पण ती आता स्रोताकडे जाणारी वाट राहिलेली नाही. आरपीएफ पॅकेट पारखण्यासोबत जॉइन कोणत्या बाजूला पाठवायचा हेही ठरवते, आणि या प्रसंगात अडले ते दुसऱ्या कामात. ‘ब’वर `show ip rpf 192.168.10.50` विचारले तर साधारण असे उत्तर येते:

```
RPF information for ? (192.168.10.50) failed, no route exists
```

हे वाचून माणूस राउटिंग टेबल तपासतो, तिथे मार्ग स्पष्ट दिसतो, आणि गोंधळ वाढतो. संदेशाचा खरा अर्थ ‘पिम असलेल्या इंटरफेसमधून मार्ग नाही’ असा घ्यावा. सोबत `show ip pim neighbor` पाहिले तर नव्या फायबरवर शेजारी नसल्याचे लगेच कळते. पिमचे राउटर दर ३० सेकंदांनी एकमेकांना हॅलो पाठवतात, म्हणून नव्या जोडणीच्या दोन्ही टोकांना पिम सुरू केल्यावर शेजारी अर्ध्या मिनिटाच्या आत दिसायला हवा. तो दिसला की जॉइन जातो आणि चित्र परत येते. दोन्हींपैकी एकाच टोकाला पिम सुरू केले तर काहीच सुधारत नाही.

नवी फायबर मुद्दाम मल्टिकास्टपासून मोकळी ठेवायची असेल, तर ‘ब’ला मल्टिकास्टपुरती वेगळी वाट सांगता येते. जुन्या जोडणीवर ‘अ’चा पत्ता `10.0.1.1` आहे असे धरून:

```
ip mroute 192.168.10.0 255.255.255.0 10.0.1.1
ip mroute 10.255.0.1 255.255.255.255 10.0.1.1
```

`ip mroute` हा पॅकेट पाठवण्याचा मार्ग नाही, तो फक्त आरपीएफच्या प्रश्नाचे उत्तर बदलतो. म्हणून तो स्रोताच्या दिशेने लिहायचा असतो, श्रोत्यांच्या नाही. दुसरी ओळ आरपीसाठी आहे आणि तीच बहुधा विसरली जाते. `(*, G)` ची उलटी वाट आरपीकडे जाते आणि `(S, G)` ची स्रोताकडे. दोन्ही मोकळ्या असाव्या लागतात.

आरपीएफ पॅकेट सरळ टाकून देते असा प्रसंग याहून साधा असतो. कॅमेरा किंवा एन्कोडर कारखान्यातून येतो तेव्हा त्याला एक ठरलेला पत्ता असतो, समजा `192.168.1.108`. तो न बदलता कॅमेरा व्हीलॅन १० मध्ये जोडला, तर त्याच व्हीलॅनमध्ये त्याचे मल्टिकास्ट चित्र बिनतक्रार दिसते, कारण श्रोत्याला स्रोताशी उलट बोलावेच लागत नाही. स्विच मात्र `192.168.1.108` व्हीलॅन १० मध्ये आहे का हे टेबलात पाहतो. ते तिथे नसते. मूळ मार्ग इंटरनेटच्या बाजूला बोट दाखवतो, आणि पॅकेट आरपीएफमध्ये नापास होतात. `show ip mroute count` या आज्ञेत आरपीएफमुळे टाकलेल्या पॅकेटांचा वेगळा आकडा असतो. तो दर काही सेकंदांनी वाढत असेल तर पॅकेट येत आहेत, पण भलत्या दाराने, असे समजावे. इलाज स्विचवर नाही, कॅमेऱ्याचा पत्ता सबनेटमधला करण्यात आहे.

घरगुती किंवा कार्यालयीन व्हीलॅनमध्ये फोनवरून दुसऱ्या व्हीलॅनमधला टीव्ही किंवा प्रिंटर दिसावा म्हणूनही पिम सुरू केले जाते, आणि त्याचा उपयोग होत नाही. असे शोधसंदेश बहुधा `224.0.0.251` वर जातात. `224.0.0` ने सुरू होणारे ग्रुप एकाच व्हीलॅनपुरते असतात आणि नियमानुसार कोणताही राउटर ते पुढे पाठवत नाही. त्या कामासाठी एमडीएनएस गेटवे हे वेगळे साधन लागते. स्वतःचे ग्रुप निवडताना `239.0.0.x` टाळावेत, कारण इथरनेटवर त्यांचा पत्ता `224.0.0.x` च्या पत्त्याशी एकरूप होतो, आणि प्रवाह व्हीलॅनच्या प्रत्येक पोर्टवर पसरू शकतो. `239.10.10.5` सारखा पत्ता त्यासाठीच बरा.

आरपी बंद पडला तर काय, हा प्रश्न उरतो. स्रोताच्या थेट वाटेवर गेलेले, सुरू असलेले प्रवाह चालू राहतात. नवा कॅमेरा किंवा नवा ग्रुप मात्र सुरू होऊ शकत नाही, त्यामुळे बिघाड बराच वेळ लक्षातही येत नाही. वरच्या उदाहरणात ‘अ’ हाच कॅमेऱ्यांचा स्विच असल्याने तो गेला तर दाखवण्यासारखे काही उरतच नाही, म्हणून आरपी स्रोतांजवळ ठेवणे तिथे पुरेसे ठरते. मोठ्या नेटवर्कमध्ये एकच आरपी-पत्ता दोन राउटरांवर ठेवतात आणि दोघांना एकमेकांच्या स्रोतांची माहिती देत राहतात.

आरपी पूर्णपणे टाळण्याचाही एक मार्ग आहे. आयजीएमपीच्या तिसऱ्या आवृत्तीत श्रोता ग्रुपसोबत स्रोताचा पत्ताही सांगू शकतो, आणि `232` ने सुरू होणारे ग्रुप त्यासाठी राखलेले आहेत. ‘`192.168.10.50` चाच प्रवाह हवा’ असे कळले की श्रोत्याचा राउटर ओळख करून देणाऱ्याची वाट न पाहता सरळ स्रोताकडे `(S, G)` जॉइन पाठवतो. स्विचवर `ip pim ssm default` ही एक ओळ आणि श्रोत्यांच्या व्हीलॅनवर `ip igmp version 3` लागते. पाहणारे सॉफ्टवेअर तिसरी आवृत्ती बोलणारे हवे, आणि कॅमेऱ्याचा पत्ता त्याला आधीच माहीत हवा. कॅमेरे ठरलेले आणि त्यांचे पत्ते स्थिर असतील तर ही अट जड नाही. आरपीएफ तपासणी मात्र याही मांडणीत तशीच राहते, त्यामुळे नव्या फायबरवर पिम नसेल तर पडदे इथेही काळेच राहतील.